‘मामा, फ्लॅटचं बघाल का?’ : वारसाहक्काच्या घरासाठी परदेशातून लिहायचे पत्र

वडील गेले, दिवस झाले, आणि मुलगा परत टोरांटोला गेला. ठाण्यातल्या फ्लॅटची किल्ली मामांकडे राहिली. दोन महिन्यांनी मामांच्या फोनवर निरोप आला : ‘मामा, फ्लॅटचं जरा बघाल का? चांगलं गिऱ्हाईक आलं तर विकूनच टाकू.’ मामा म्हणाले, बघतो की. पुढच्या दीड वर्षात जे जे बिघडले, त्याचे बी या एका ओळीत होते.

मालमत्तेचे दस्त करताना अशी प्रकरणे माझ्यासमोर सतत येतात. कोणाचीही नियत वाईट नसते. पण ‘बघा’ या शब्दात तीन वेगळी कामे कोंबलेली असतात. एक, घर सांभाळणे. दोन, गिऱ्हाईक शोधून बोलणी करणे. तीन, मालकाच्या वतीने सही करणे. तिन्ही कामांची जबाबदारी वेगळी, कागद वेगळे, आणि महाराष्ट्रात त्यांवरचे मुद्रांक शुल्कही वेगळे. म्हणून नातेवाइकाला विनंती करायची ती नीट पत्र लिहूनच करावी आणि त्या पत्रात ही कामे सुटी करावीत, असे मी आग्रहाने सांगतो.

वर सांगितलेल्या मामा-भाच्याचेच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. भाच्याला निनाद म्हणू. नाव आणि आकडे समजण्यापुरते आहेत. ठाण्यातला सोसायटीतला फ्लॅट वडिलांनी 2006 साली घेतला, स्टॅम्प आणि नोंदणीसह एकूण 18 लाख रुपये पडले. आई आधीच गेलेली, मृत्युपत्र नाही, निनाद एकुलता एक. आज फ्लॅटची किंमत साधारण 82 लाख येते.

पत्राआधी एक प्रश्न : फ्लॅट खरोखर तुमचा आहे का?

सोसायटीच्या फॉर्मवर वडिलांनी आपले नाव नॉमिनी म्हणून लावले होते, म्हणजे फ्लॅट आपला झाला, असे बहुतेक मुले धरून चालतात. तसे नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले. त्यानुसार नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, कायदेशीर वारस ठरेपर्यंत. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. यातली आई, म्हणजे तुमची आजी, लोक हमखास विसरतात. वडील गेले तेव्हा आजी हयात असेल तर तिचाही वाटा आहे. लग्न झालेल्या बहिणीचा तर आहेच. अशा वेळी आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी करावे, नाहीतर सगळ्या वारसांनी मिळून विकावे. मामांना पत्र एकट्याने लिहायचे की बहीण-भावाने मिळून सह्या करून, हे इथेच ठरते.

निनाद एकटाच वारस असला तरी ते सिद्ध करणारा कागद लागतो. सोसायटी कधी प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्रावर नाव चढवते. खरेदीदाराचे वकील आणि त्याला कर्ज देणारी बँक मात्र बऱ्याचदा न्यायालयाचा वारस दाखला मागतात. तो आपल्याकडे आजही 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून मिळतो. तलाठ्याकडची वारस नोंद शेतजमिनीच्या सातबाऱ्यासाठी असते, फ्लॅटला ती चालत नाही. या दाखल्याला महिने लागतात, म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करावे. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर निनादचे नाव येण्याआधी गिऱ्हाईक दाखवत बसू नये. चांगले गिऱ्हाईक कागदांसाठी चार महिने थांबत नाही. जे थांबते ते भाव पाडते.

कोणाला सांगायचे, यावर शुल्क ठरते

आता जो मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो, तो नीट सांगतो. तुम्ही परदेशातून एखाद्याला ‘माझा फ्लॅट विकण्याचा अधिकार’ देणारे मुखत्यारपत्र दिले, तर त्यावर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे शुल्क लागते. मोबदल्याशिवाय दिलेले असे मुखत्यारपत्र आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी, मुलगी, नातू, नात किंवा तत्सम जवळच्या नातेवाइकाच्या नावे असेल, तर शुल्क 500 रुपये. इतर कोणाच्या नावे असेल, तर खरेदीखतावर लागते तेवढे. ठाण्यात ते सर्वसाधारणपणे 7 टक्के धरा. 82 लाखांवर 5 लाख 74 हजार रुपये होतात.

मामा या यादीत नावानिशी नाहीत. काका, आत्या, मावशी, चुलतभाऊ, मेहुणा हेही नाहीत. ‘तत्सम जवळचे नातेवाईक’ यात ते बसतात असा युक्तिवाद करता येतो, पण निर्णय मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आहे. म्हणून दस्त त्यांच्याकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क ठरवून घेण्यासाठी, द्यावा लागतो. व्यवहार ठरल्यावर ऐनवेळी हा प्रश्न निघाला तर दोन्ही बाजू हवालदिल होतात.

सख्खी बहीण किंवा भाऊ भारतात असेल आणि विश्वासाचे असेल, तर विक्रीचे मुखत्यारपत्र त्यांच्या नावे करावे, प्रश्न मिटला. निनादसारखे ज्यांना फक्त मामा आहेत, त्यांनी विक्रीचा अधिकार द्यायचाच नाही. त्याऐवजी दोन छोटी मुखत्यारपत्रे करायची. पहिले फ्लॅट सांभाळण्यापुरते. त्यात सोसायटी, वीज, मालमत्ता कर, दुरुस्ती, घर दाखवणे एवढेच, आणि ‘विक्री करण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा ताबा देण्याचा अधिकार नाही’ असे स्पष्ट वाक्य. दुसरे खरेदीदार ठरल्यावर करायचे. त्यात करारावर सही निनाद स्वतः करतो, आणि मामा दुय्यम निबंधकासमोर जाऊन ‘ही सही माझ्या भाच्याची आहे’ एवढी कबुली देतात. नोंदणीपुरत्या अशा मुखत्यारपत्राचे शुल्क 500 रुपयांच्या घरात असते. मामांवरचा भारही हलका होतो, कारण किंमत, अटी आणि सही यांतले काहीच त्यांनी ठरवलेले नसते. सदनिका, गाळा, पार्किंग यांचा तपशील करारात चुकला, तरी मामांना कोणी बोल लावत नाही.

या मार्गाचा तोटाही आहे. कराराचे कागद टोरांटोला जाऊन सही होऊन परत यायला दोन-तीन आठवडे जातात, आणि प्रत्येक खरेदीदाराची बँक याला तयार असतेच असे नाही. बँकेला आधी विचारावे. ती नाही म्हणाली तर मालकाने आठ-दहा दिवसांची रजा काढून स्वतः येणे सर्वांत सोपे. विमानाचे तिकीट पावणेसहा लाखांपेक्षा स्वस्तच पडते.

पत्राचा मसुदा

हे पत्र कायद्याचा दस्त नव्हे, त्यावर स्टॅम्प नको. पण उद्या काही शंका निघाली तर ‘आपले काय ठरले होते’ याचा पुरावा हेच. भाषा घरचीच असावी. वकिली भाषेत लिहिलेल्या पत्राने मामांना आपण नोकर झालो असे वाटते, आणि मग ते शंका विचारत नाहीत.

तीर्थस्वरूप मामांस,
सा. नमस्कार वि. वि.

बाबा गेल्यानंतर तुम्ही आणि मामींनी जे केलंत ते मी विसरणार नाही. आता एका कामासाठी लिहितोय. काम मोठं आहे, म्हणून फोनवर न सांगता लिहून पाठवतोय. नाही म्हणायचं असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा. मी दुसरी सोय करीन, आपल्यात काही फरक पडणार नाही.

ठाण्याचा फ्लॅट मी विकायचं ठरवलंय. माझं नाव लागून विक्री पूर्ण व्हायला वर्षभर लागेल असं धरलंय. तोवर तुमच्याकडून दोन कामं हवी आहेत.

पहिलं, घर सांभाळणं. महिन्यातून दोनदा जाऊन दारं-खिडक्या उघडा, नळ दोन-दोन मिनिटं सोडा, बाथरूमच्या जाळीत पाणी ओता, आणि आल्यावर मला चार फोटो पाठवा. पाण्याचा मुख्य कॉक बंद ठेवा. बाबांचा गॅस सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करायचा आहे, त्याचं पुस्तक देवघराच्या खालच्या खणात आहे. सोसायटीचं बिल, वीजबिल आणि मालमत्ता कर मी इथून माझ्या खात्यातून ऑनलाइन भरीन. तुम्ही फक्त बिलाचा फोटो पाठवा. घर कोणाला भाड्याने किंवा ‘थोडे दिवस राहायला’ द्यायचं नाही, ओळखीच्या माणसालाही नाही.

दुसरं, गिऱ्हाइकांना घर दाखवणं. एजंट दोनच ठेवू, त्यांच्याशी दलालीचं मी बोलीन आणि लिहून घेईन. किल्ली एजंटकडे देऊ नका. किमतीबद्दल कोणी विचारलं तर ‘भाच्याशी बोला’ म्हणा आणि माझा नंबर द्या. मी 82 लाखांची अपेक्षा धरलीये. 78 च्या खाली विचारही करणार नाही, पण हा आकडा फक्त तुमच्यासाठी आहे.

टोकन, बयाणा, काहीही तुमच्या हातात किंवा तुमच्या खात्यात घेऊ नका, पाच हजारसुद्धा. सगळे पैसे माझ्या एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या बँक खात्यातच येतील. माझ्या लेखी होकाराशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका, पावतीवरही नको.

मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, ते तिथेच राहू देत. गिऱ्हाइकाला फक्त झेरॉक्स दाखवा, आणि प्रत्येक झेरॉक्सवर ‘फक्त पाहण्यासाठी’ असं लिहून तारीख टाका. वकिलांना मूळ कागद बघायचे असतील तर त्यांच्यासमोर बसून दाखवा आणि परत ठेवा.

तुमचा जाण्या-येण्याचा, सुताराचा, प्लंबरचा खर्च एका वहीत लिहा. सुरुवातीला मी वीस हजार पाठवतोय, संपत आले की सांगा. एका वेळी पाच हजारांपेक्षा मोठं काम निघालं तर आधी मला विचारा. तुमच्या वेळेचे पैसे देण्याचा अपमान मी करणार नाही, पण खिशातून मात्र एक रुपयाही घालू नका.

सांभाळण्यापुरतं एक मुखत्यारपत्र मी इथल्या वकिलातीत सही करून पाठवीन. त्यात विक्रीचा अधिकार नसेल, हे मुद्दाम केलंय. विक्रीची सही मी स्वतः करीन, म्हणजे उद्या कोणी तुम्हाला प्रश्न विचारायला नको. ही सगळी व्यवस्था पुढच्या दिवाळीपर्यंतची. तोवर विक्री झाली नाही तर पुन्हा बोलू. मधेच तब्येतीमुळे किंवा कशामुळेही जमेनासं झालं तर एका फोनवर किल्ली दुसऱ्याकडे देऊ.

मामींना नमस्कार. तुमचं उत्तर आलं की पुढचं करतो.

तुमचा भाचा,
निनाद

पत्रातल्या काही ओळींमागची कारणे

‘घर कोणाला राहायला द्यायचं नाही’ ही ओळ काहींना कठोर वाटते. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो. तसा नसेल आणि वाद झाला, तर राहणाऱ्याचे म्हणणे न्यायालयात खरे धरले जाते, उलट सिद्ध करणे मालकावर येते. परदेशातल्या मालकाने हे ओझे घेऊ नये. शिवाय भोगवटा असलेल्या घराला रिकाम्या घराएवढा भाव येत नाही. वर्षभराच्या भाड्यापेक्षा तिथे जास्त जाते.

रोख पैसे नाकारण्यामागे फक्त हिशोबाचा घोळ नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याच्या विरुद्ध आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा असू शकतो. बयाण्याचे पाच लाख मामांच्या खात्यात आले, तर ते त्यांचे उत्पन्न नव्हे हे सिद्ध करण्याची कटकट त्यांच्या मागे लागते.

यातच एक बारीक मुद्दा आहे. मामाने भाच्याला दिलेली भेट करमुक्त असते. पण भाच्याने मामाला दिलेली रक्कम आयकराच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत बसत नाही. वर्षात अशा भेटी 50,000 च्या वर गेल्या तर मामांना कर लागू शकतो. खर्चाची भरपाई ही भेट नसते, पण ते दाखवायला वही आणि बिले हवीत. म्हणून पत्रात वही आहे, आणि मोठी बिले निनाद स्वतः भरतो आहे. दिवाळीला साडी-मिठाई वेगळी.

खालची किंमत मामांना सांगावी का, यावर मतभेद आहेत. मी सांगावी या बाजूचा आहे. मामांना आकडा माहीत नसेल, तर ‘पंचाहत्तरला देता का’ म्हणणाऱ्याशीही ते तासभर बोलत बसतात. फक्त तो आकडा एजंटपर्यंत पोचला की तोच विक्रीचा भाव होतो, म्हणून ‘फक्त तुमच्यासाठी’ हे शब्द आहेत.

मुखत्यारपत्र परदेशातून कसे पाठवायचे

मसुदा ठाण्यातल्या वकिलाकडून करून घ्यावा, परदेशातल्या नोटरीकडच्या छापील नमुन्यावर नाही. फ्लॅटचा पूर्ण पत्ता, सोसायटीचे नाव, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि मामांचे आधारप्रमाणे नाव त्यात बरोबर यायला हवे. नाव आधारवर एक, पॅनवर दुसरे असेल तर आधी ते जुळवा. नोंदणी कार्यालयात दस्त अडतात ते बहुधा अशाच गोष्टींवर.

सही दोन प्रकारे करता येते. भारतीय वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर, पासपोर्ट आणि दोन साक्षीदारांसह, हा पहिला. स्थानिक नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा यासाठीचा तिथला सरकारी दाखला घेणे, हा दुसरा. कॅनडात अपोस्टिलची पद्धत जानेवारी 2024 पासून सुरू झाली, त्याआधी तिथे ती नव्हती. मी वकिलातीचा मार्ग सुचवतो. नोंदणी कायद्यात भारतीय वाणिज्यदूताचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि आपल्याकडचा कारकून वकिलातीचा शिक्का ओळखतो. प्रत्येक पानावर सही, फोटो आणि अंगठ्याचा ठसा घ्यावा.

कागद महाराष्ट्रात पोचल्याच्या दिवसापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. कुरिअरचे पाकीट तारखेसह जपून ठेवा, कागद कधी आला याचा पुरावा तोच. मुदत चुकली की दंड सुरू होतो. हे पाकीट फेकून देणारे लोक मी खूप पाहिलेत.

विक्रीच्या कराराचे थोडे वेगळे आहे. आधी मसुदा ईमेलवर पक्का करा. खरेदीदार शुल्क ऑनलाइन चलनाने भरतो, मग छापील करार टोरांटोला जातो. निनाद सही करून नोंदणीपुरत्या मुखत्यारपत्रासह परत पाठवतो, मग खरेदीदार सही करतो आणि मामा दुय्यम निबंधकाकडे जातात. सहीपासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर व्हायला हवा. मालक हयात आहे याची खात्री म्हणून खरेदीदाराची बँक कधी त्याच दिवशी व्हिडिओ कॉल मागते. तो जरूर करावा. मालकाचा मृत्यू झाला की मुखत्यारपत्र आपोआप संपते, बँकेची भीती बिनबुडाची नाही.

इथे एक इशारा. काही एजंट सुचवतात की खरेदीदाराच्याच नावे मुखत्यारपत्र द्या, करार नंतर करू. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. अशा व्यवहारात पैसे आणि ताबा गेला तरी कागदावर मालक तुम्हीच राहता, आणि पुढचे प्रत्येक बिल व नोटीस तुमच्याच नावावर येते.

पैसे आणि कर : सर्वांत महाग चूक

निनाद परदेशात कामाला गेला तेव्हाच त्याचे भारतातले जुने बचत खाते एनआरओ व्हायला हवे होते. बऱ्याच जणांचे झालेले नसते. विक्रीआधी ते करून घ्यावे आणि पॅन चालू आहे का तेही पाहावे.

खरेदीदाराने करकपात किती करायची, इथे घोटाळा होतो. विकणारा भारतात राहणारा असता तर 50 लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात 1 टक्का कापला असता. विकणारा अनिवासी असेल तर हा नियम लागूच होत नाही. दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के आणि वर अधिभार व उपकर कापावा लागतो. खरेदीदाराने अज्ञानाने 1 टक्काच कापला तर आयकर विभाग उरलेली रक्कम त्याच्याकडून व्याजासह मागतो. म्हणून सावध खरेदीदार पूर्ण किमतीवर कापतो, नफ्यावर नाही, कारण तुमचा नफा किती हे त्याला कसे कळणार?

निनादचे गणित असे. वडिलांची खरेदी 18 लाख हीच त्याचीही खरेदी किंमत धरली जाते, आणि वडिलांनी घर ठेवलेला काळही त्याच्या काळात मिळवतात. नफा 64 लाख. जुलै 2024 नंतर महागाई निर्देशांकाचा पर्याय फक्त निवासी विक्रेत्यांना उरला आहे, निनादला नाही. 64 लाखांवर 12.5 टक्के म्हणजे 8 लाख. उत्पन्न 50 लाखांच्या वर म्हणून त्यावर 10 टक्के अधिभार, मग 4 टक्के उपकर. एकूण 9,15,200 रुपये कर. पूर्ण 82 लाखांवर याच दराने कापले तर 11,72,600 जातात. फरक 2,57,400. तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरून, पुढच्या वर्षी.

यावरचा उपाय म्हणजे आयकर विभागाकडून कमी करकपातीचा दाखला आधीच घेणे. अर्ज निनादच्या नावे ऑनलाइन होतो, चार्टर्ड अकाउंटंट तो करून देतो, पण काही आठवडे लागतात. बयाण्यासह प्रत्येक हप्त्यातून कपात होते, त्यामुळे दाखला येईपर्यंत बयाणा लहानच ठेवावा. वडिलांचे 2006 चे खरेदीपत्र, नोंदणी कार्यालयाचा इंडेक्स टू हा उतारा, स्टॅम्पची पावती आणि फ्लॅटमध्ये केलेल्या मोठ्या कामांची बिले लॉकरमध्ये शोधायची ती यासाठी. घर 2001 च्या एप्रिलआधीचे असेल तर 1 एप्रिल 2001 चे मूल्य नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घेता येते, आणि त्याने नफा बराच कमी होतो.

कर भरून उरलेले पैसे एनआरओ खात्यातून परदेशी नेता येतात, एका आर्थिक वर्षात 10 लाख अमेरिकी डॉलरपर्यंत. बँक चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला, ऑनलाइन फॉर्म, वारसाचे कागद आणि विक्रीकरार मागते. घाई नसेल तर पैसे काही काळ तिथेच ठेवून आधी विवरणपत्र भरावे, म्हणजे सगळे एकाच वेळी स्वच्छ होते.

गडबड कुठे ओळखू येते

मामांचे फोटो येणे बंद झाले, किंवा सोसायटीच्या बिलात भोगवटा नसल्याचे शुल्क दिसले, तर लगेच फोन करा. हे शुल्क सोसायटी घर दुसऱ्या कोणाला दिलेले असेल तरच लावते. रिकाम्या घराला ते लागत नाही. एक तर सोसायटीची चूक, नाहीतर आत कोणी राहते आहे. वीजबिलाचे युनिट अचानक वाढले तरी तोच संशय. महिन्याची तीन बिले शेजारी ठेवून पाहणे हे परदेशातल्या मालकाला जमणारे सर्वांत सोपे लक्ष आहे.

वर्तमानपत्रात फ्लॅटसंबंधी जाहीर नोटीस येऊ शकते. खरेदीदाराचे वकील हरकती मागवण्यासाठी ती देतात, त्यात साधारण 14 दिवसांची मुदत असते. ती तुमच्या व्यवहाराची असेल तर ठीक. तुम्ही कोणाला होकार दिला नसताना नोटीस आली, तर वकिलामार्फत लेखी हरकत त्या मुदतीतच घ्या. मामांना सांगून ठेवा की अशी कात्रणे दिसली की फोटो पाठवायचा.

मामा पत्राला ‘हो’ म्हणाले तर त्यांचे ते उत्तर, दोन ओळींचा निरोप असला तरी, जपून ठेवा आणि पत्राची छापील प्रत त्यांच्याकडे पोचवा. त्यांनी नाही म्हटले, किंवा ‘बघू’ म्हणून पंधरा दिवस उत्तर दिले नाही, तर ते नाहीच समजावे. किल्ली सन्मानाने परत मागून घ्यावी, मामींसाठी काहीतरी घेऊन जावे आणि दुसऱ्या कोणाला विचारावे.